चेनवरचं नाव

बॅग दुरुस्तीला आणणारं माणूस दुकानाची पायरी चढायच्या आतच सांगतं, "कंपनीची आहे बरं का." मी कुठं विचारलं? भोरच्या बाजारपेठेत आमचं बॅगांचं दुकान आहे. पुढच्या बाजूला नव्या बॅगा टांगलेल्या असतात, त्या आमचे मालक विकतात. मागं मशीन आहे, तिथं बसून मी जुन्या बॅगा शिवते. मालक म्हणजे नवरा. त्यांचा आवाज गोड, गिऱ्हाईक हसत जातं. माझं तोंड फटकळ. "कंपनीची असंल तर कंपनीकडं न्या, माझ्याकडं कशाला आणली?" असं मी म्हणते आणि मालक पुढनं डोळे वटारतात. पण गिऱ्हाईक काही जात नाही. शाळा उघडायच्या तोंडावर चेन बदलून देणारं माणूस त्याला दुसरीकडं कुठं मिळणार?

लोक बॅग ओळखतात ती चेनवरच्या नावावरून. चेन उघडबंद करणारा जो धातूचा तुकडा असतो त्याला आम्ही रनर म्हणतो, आणि त्याला लोंबणारी, बोटात धरायची पट्टी म्हणजे पुलर. त्या पुलरवर घोडा, गरुड, डोंगर, एखादं इंग्रजी अक्षर, असं काहीतरी कोरलेलं असतं. ते दिसलं की माणूस खूश. मी आधी त्या पुलरच्या कडेवरून नख फिरवते. खऱ्या मालाची कड गुळगुळीत लागते, चित्र नीट उठलेलं असतं. नकली असला तर साच्याची रेघ नखाला अडकते, आणि वरचा मुलामा उडून आतलं करडं दिसायला लागतं. पण एवढ्यावर मी निकाल देत नाही. आम्ही दुरुस्तीवाले काय करतो ते मला ठाऊक आहे ना! बॅग पार गेली, कापड विरलं, की टाकून द्यायच्या आधी आम्ही तिचे रनर-पुलर काढून डब्यात टाकतो. पुढं कुणाची चेन बिघडली की त्यातला मापाचा बघून बसवतो. माझ्या डब्यात सगळ्या कंपन्या भांडणाशिवाय नांदतात. त्यामुळं बॅग एकीची आणि पुलर दुसरीचा, ही आमच्यात रोजची गोष्ट आहे. गिऱ्हाइकालाही आवडतं. साध्या बॅगेला घोडा मिळाला तर नको कोण म्हणंल?

माझे सासरे हयात होते तेव्हा त्यांनीच मला मशीनवर बसवलं. ते म्हणायचे, "पोरी, बाहेरचं नाव लावलेलं असतं. बॅगेची जात बघायची तर अस्तरात हात घाल." मग मी बॅग उलटी करायला शिकले. चांगल्या बॅगेच्या आतल्या शिवणी उघड्या नसतात. कापडाच्या कडेवर पट्टी दुमडून शिवलेली असते, म्हणजे धागे सुटत नाहीत. कंपनीचं लेबल त्या शिवणीतच धरलेलं असतं, बॅग शिवतानाच. नकलीत ते नंतर अस्तरावर वरनं टाचलेलं असतं, चार टाके उसवले की हातात येतं. टाके लांब-लांब म्हणजे घाईचं काम. आणि पट्टा जिथं पाठीला जोडलाय तिथं चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिलाई पाहिजे. नुसती आडवी रेघ मारली असली की पोरानं पुस्तकं भरायची खोटी, पट्टा गेलाच.

हे सगळं मी माझ्या भावालाही सांगितलं होतं. माझं माहेर वेल्ह्याकडं. मार्गासनी गेलं, विंझर गेलं, की पुढं रस्ता सोडून नदी ओलांडायची, फरशीवरून. फरशी म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, पाऊस वाढला की पाण्याखाली जातो. पलीकडं चढावर आमची वस्ती. पंधरा-वीस घरं, एक छोटं विहार, आणि आमची थोडी भातखाचरं. मी थोरली आणि तो धाकटा, मधलं कुणी नाही. मला आक्का म्हणायचा. शिरवळला एका कारखान्यात लागला होता. पहिल्या दिवाळीला पैसे हातात आले तशी त्यानं हायवेला शिवऱ्याच्या पुढं बांबूवर बॅगा टांगून बसतात ना, त्यांच्याकडून काळी पाठीवरची बॅग घेतली आणि थेट माझ्या दुकानात आला. मिरवायला, दुसरं काय!

"आक्का, वळख बरं कुठल्या कंपनीची हाय?"

मी नख फिरवलं. हात आत घातला. हसूच आलं मला. "गेलास फसून! तुला बघूनच टांगली असंल त्यानं."

"काय बी बोलू नगंस. चेनवर नाव बघ की."

"नाव बघून बायको कर, बॅग घेऊ नगंस. हे बघ, लेबल वरनं टाचलंय. शिवणी सगळ्या उघड्या. पट्ट्याला एकच रेघ. दोन महिन्यांत पट्टा तुझ्या हातात आन् बॅग यष्टीत."

त्याचं तोंड एवढंसं झालं. मालक मला ओरडले, "काय गं, पोरगं हौसेनं आलंय." मला तेव्हा वाईट वाटलं. त्याला चहा पाजला आणि बॅग मशीनवर घेतली. पट्ट्यांच्या मुळाशी चौकोन-फुली मारली, बारीक टाक्यात, पॉलिस्टर दोऱ्यानं. आतल्या उघड्या शिवणींना पट्टी लावायची तर जवळ काळी पट्टी नव्हती. एका शाळेच्या गणवेशाचं टेरिकॉट उरलं होतं, निळ्या बारीक चौकड्याचं, त्याच्या पट्ट्या कातरल्या आणि सगळ्या अस्तराला आतनं फिरवल्या. कोण बघतंय आत? शेवटी तो म्हणाला, "आक्का, पुलर तेवढा खरा लाव की गं. कारखान्यातली पोरं हसत्याल." डब्यातनं एक घोड्याचं तोंड काढलं, खऱ्या मालाचं, जड. मोठ्या चेनला बसवलं. तो एवढा खूश झाला की जाताना मालकांच्या पायाच पडला. येडं कुठलं.

वर्षभर ती बॅग त्याच्या पाठीवर होती. आई म्हणायची, झोपताना तेवढी काढतो.

मग कारखान्यातलं काम सुटलं, आणि तो घरी बसला. आबांना, म्हणजे वडलांना, ते सोसेना. आबा बोलायला लागले की थांबत नाहीत, मी त्यांच्यावरच गेलेय. एका सकाळी दोघांची जुंपली आणि आबांनी बॅग उचलून अंगणात फेकली. त्यानं बॅग झटकली, पाठीला लावली, आणि फरशी ओलांडून गेला. आई दारातून बघत होती. पाठीवरचा घोडा उन्हात चमकत होता, असं ती सांगायची. दिवाळी होऊन गेली होती. फोन लागेना, मग नंबरच बंद झाला. वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार दिली. मालक आणि मी पुण्यात हिंडलो, त्याच्या जुन्या मित्रांना विचारलं. कुणी म्हणालं चाकणला दिसला, कुणी म्हणालं मुंबईला गेला.

आई मात्र खंबीर. "रागावलाय लेकरू. राग गेला की यील." तिची खातरी अशी की तिच्यासमोर रडायचीही चोरी. मला तिचा संताप यायचा. सगळ्या जगाला कळतंय, हिलाच कसं कळत नाही, असं वाटायचं. आणि संताप ओसरला की मी पण मनात तेच म्हणायचे, यील.

पुढच्या पावसाळ्यात नदीच्या खालच्या अंगाला, दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, पाण्यात एक माणूस सापडला. तोंड ओळखू येण्यासारखं नव्हतं. पोलिसांनी आईला बोलावून कपड्यांचे फोटो दाखवले. आईनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "ही पँट माझ्या लेकाची न्हाई. असला शर्ट त्याच्याकडं नव्हताच." खरंच नव्हता. मी पण तो शर्ट कधी बघितला नव्हता. त्या माणसाला कुणी वारस मिळाला नाही म्हणून सरकारनंच माती दिली. डॉक्टरांनी तपासणीसाठी थोडं काही राखून ठेवलं, पुढंमागं कुणी आलं तर जुळवायला. त्याच्याशी रक्त जुळवून बघायचं का, असं पोलिसांनी तेव्हाच आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "परक्या मानसासाठी म्या रगत कशापायी दिऊ? माझा जित्ता हाय." आबा मान खाली घालून बसले होते. तिच्या शब्दाबाहेर जायची त्यांची आता हिंमत नव्हती.

यंदा उन्हाळ्यात नदीवरच्या बंधाऱ्यातला गाळ काढायला मशीन लावलं. गाळ शेतात टाकायला लोक नेतात. आमच्या फरशीच्या खाली दोन वळणं सोडली की तो बंधारा. तिथं गाळात, वाहून आलेल्या झाडाच्या मुळ्यांत अडकलेली एक बॅग निघाली. पोलिसपाटलांनी ती वेल्ह्याच्या ठाण्यात नेली. तिथल्या हवालदारांनी परत आईला बोलावलं. आई बघून आली आणि तिनं मला फोन केला. आवाज अगदी हलका.

"न्हाई गं, त्याची न्हाई. म्या सांगून आले. त्याच्या बॅगेला घोडा हुता. हिला भलतंच काय तरी हाय. आतली कापडं बी आपली न्हाईत."

"बरं झालं आये," मी म्हणाले. फोन ठेवला आणि कात्री हातात घेऊन तशीच बसले. मालक पुढनं आत आले. काय झालं विचारलं. मी सांगितलं तसे तेही बसले. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत नव्हतो. आम्हा दोघांनाच माहीत होतं की पुलरवरून बॅग ओळखायची नसते.

दुसऱ्या दिवशी हवालदारांचाच फोन आला. म्हातारे गृहस्थ, निवृत्तीला आलेले, बोलायला मऊ. "ताई, आई नाही म्हणाल्या. पण बॅग तुमच्या धंद्यातली वस्तू आहे. कुठल्या कंपनीची, कुठं विकली गेली असंल, एवढं जरी सांगितलंत तर आम्हाला पुढं शोधता येईल. याल का?" मी येते म्हणाले. मालक म्हणाले, मी येतो संगं. मी म्हणाले, नको, दुकान बघा. मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, आणि त्यांना माझ्यासमोर.

भोरहून चेलाडीला उतरले आणि तिथनं वेल्ह्याची एसटी धरली. मार्गासनीला बाया चढल्या, भाजीच्या पाट्या घेऊन. त्यातली एक ओळखीची निघाली. "माहेरला चाललीस व्हय? भावाचं काय कळलं का गं?" "कळंल," मी म्हणाले आणि खिडकीकडं तोंड केलं. विंझर गेल्यावर आमच्या फाट्याला आई गाडीत चढली. मी येणार म्हणून तिला कालच सांगितलं होतं. नऊवारी धुतलेली, केस नीट विंचरलेले, हातात पिशवी. माझ्या शेजारी बसली आणि पिशवीतनं भाकरीचं फडकं काढलं. "खाऊन घे. उगाच धावडवलं तुला त्यांनी. म्या सांगितलं हुतं, न्हाई म्हून."

मला भाकरी गिळेना. पण खाल्ली. नाही खाल्ली असती तर तिला कळलं असतं.

ठाण्यात मागच्या ओसरीवर हवालदारांनी एका पोत्यावर बॅग ठेवली. वाळून ती कडक झाली होती. पट्ट्यातल्या फोममध्ये चिखल बसून पट्टे जड झाले होते. वरचं छापील नाव पार गेलेलं, कापडाचा काळा रंग मातकट झालेला. आतलं सामान त्यांनी वेगळं काढून ठेवलं होतं. कुजलेले शर्ट, एक पँट, स्टीलचा डबा. आई ओसरीच्या खांबाला टेकून बसली, माझ्याकडं बघत.

मी आधी चेन बघितली. मोठ्या चेनचा रनर घोड्याचा नव्हता. दुसऱ्याच कंपनीचा होता, साधा, लांबट, गंजानं धरलेला. आई लगेच म्हणाली, "बघ, घोडा हाय का?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मंग?"

मी चेनच्या टोकाकडं गेले. रनर बदलायचा तर चेनचं टोक उसवावं लागतं, नवा रनर घालून परत शिवावं लागतं. मी वरचं टोक उसवते. इथं खालचं उसवलेलं होतं, आणि शिवून वर चामड्याचा चिमुकला तुकडा लावला होता, टोक परत फाटू नये म्हणून. हात सफाईचा होता. तसा तुकडा मी लावत नाही, लावायला पाहिजे खरं तर. म्हणजे हे काम माझं नव्हतं. क्षणभर माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, देवा, दुसऱ्या कुणाची असू दे, कुणाच्याही लेकराची असू दे, आमची नको. किती वाईट बोलले मी मनात! पण बोलले.

मग हात पट्ट्याच्या मुळाशी गेला. माती नखानं खरवडली. खाली चौकोन होता, चौकोनात फुली. टाके बारीक. माझी एक खोड आहे, फुलीची शेवटची रेघ मी कोपऱ्याच्या दोन टाके पुढं नेते आणि तिथनं परत फिरवते, म्हणजे दोरा सुटत नाही. सासरे त्यावरून मला चिडवायचे, दोरा फुकट मिळतो का म्हणून. ते दोन टाके तिथं होते. दुसऱ्या पट्ट्यालाही होते.

हात आत घालायची माझी हिंमत होईना. हवालदार म्हणाले, "ताई, पाणी देऊ का?" मी मान हलवली आणि अस्तर उलटं केलं. अस्तरावरचा लेप सुटून त्याचे पापुद्रे माझ्या हाताला लागत होते. लेबल वरनं टाचलेलं, अक्षरं धुऊन गेलेली. आणि शिवणीवरनं बोटानं चिखल पुसला तशी निळी रेघ दिसली. पुढं पुसलं. चौकडा. सगळ्या शिवणीला, आतनं, वळसा घालून, कुठंही न सुटलेली माझी पट्टी.

एवढे महिने पाण्यात, गाळात राहून एक शिवण उसवली नव्हती. धंद्यात कुणी असं काम दाखवलं असतं तर मी म्हणाले असते, वा! त्या दिवशी मला ती बॅग फाटून, वाहून, चिंध्या होऊन गेली असती तर बरं झालं असतं असं वाटलं. मी कशाला एवढी मजबूत शिवली? मला हुंदका आला आणि तो दाबता दाबेना.

"काय झालं?" आईचा आवाज बदलला. "अगं, बोल की! घोडा न्हाई म्हनलीस ना तू?"

तेव्हा एक मन म्हणालं, सांगू नको. नाही म्हण. धंद्यातली तू, तुझा शब्द सगळे मानतील. हवालदार लिहून घेतील, बॅग कपाटात जाईल, आणि आईचा मुलगा जिवंत राहील, चाकणला नाहीतर मुंबईला. माझ्या एका शब्दावर होतं सगळं. पण मग तो तिकडं, नदीच्या खालच्या अंगाला, बेवारस म्हणून मातीत राहील कायमचा. त्याला आई आहे, बाप आहे, मी आहे. आणि बेवारस?

मी तिच्याजवळ जाऊन बसले. बॅग मांडीवर घेतली. "आये, घोडा म्याच लावला हुता. डब्यातला. त्याची बॅग त्या कंपनीची नव्हतीच. पुलर कुनीबी बदलतंय. पर हे बघ." मी तिचा हात धरला आणि आत, शिवणीवरून फिरवला. "ही पट्टी मी लावली. दुकानातल्या गणवेशाच्या कापडाची. हा टाका माझा हाय."

तिनं हात काढून घेतला. "असली कापडं कुठंबी मिळत्यात."

"मिळत्यात. पर माझा हात कुठं मिळंल?"

"मंग त्यानं इकली असंल बॅग. दुसऱ्यानं घेतली असंल. त्यो वाहून गेला असंल." ती भराभर बोलत होती. "पैशाची नड आसंल, इकली आसंल."

हवालदार म्हणाले, "आई, तसंही असू शकतं. मी नाही म्हणत नाही. पण त्यासाठीच रक्त जुळवून बघायचं. नाही जुळलं तर तुम्ही खऱ्या." तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. ती बॅगेकडं बघत होती. मग तिनं स्वतःच हात पुढं केला आणि चेनच्या टोकाचा तो चामड्याचा तुकडा चाचपला.

"ह्यो रनर तू न्हाई बसवलास?"

"न्हाई."

"मंग कुनी?"

"दुसऱ्या कुनी कारागिरानं. त्यो घरनं गेला तवा घोडा हुता, तूच बघितलास. म्हंजी हे त्यानंतरचं काम."

"म्हंजी गेल्यावर त्यो चांगला हुता."

"चांगला हुता आये. कुठंतरी कामाला असनार. बॅग मोडली तर चांगल्या मानसाकडं नेऊन नीट करून घेतली. नवे कपडे घेतले. सोताचं बघत हुता."

एवढं ऐकून तिचं तोंड उजळलं. खरं सांगते, उजळलं. तेवढा वेळ तिचा लेक कुठल्यातरी शहरात, नव्या शर्टात, बॅग दुरुस्तीला टाकून बाकड्यावर बसला होता, आणि ती त्याला बघत होती. मला तिथंच थांबावंसं वाटलं. पण ती कुठली थांबती? माझीच आई ती. तिनं कुजलेल्या शर्टाकडं बघितलं. पोलिसांच्या फोटोतला तोच तो नसेल, पण तसाच, आम्ही कधी न बघितलेला. मग तिनं ओसरीवरून खाली, नदीच्या बाजूला बघितलं.

"आन् ही आपल्या बंधाऱ्यात कशी आली?" ती म्हणाली.

हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली. पावसात फरशीवर पाणी आलं तरी आमच्या वस्तीतली माणसं ओलांडतात, हाताला हात धरून, पायांनी दगड चाचपत. रोजची वाट आहे, भीती वाटत नाही. एकटा माणूस, पाठीवर भरलेली बॅग, ओढीचं पाणी. ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या फरशीवरून तिचा सगळा जन्म गेला होता.

पुढं आई-आबांचं रक्त घेतलं, ते जुळलं, आणि आम्ही त्याची माती वस्तीत आणली. पण कागद आला तेव्हा आईनं तो वाचून घेतला नाही. तिला जे कळायचं होतं ते त्या दिवशी ओसरीवरच कळलं होतं. नदीकडची नजर काढून ती तेव्हा माझ्याकडं सरकली, बॅग माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि चिखल लागंल याची पर्वा न करता पोटाशी धरली.

"म्या समद्या गावाला सांगत हिंडले, लेकरू रागावलंय, एवढ्यात यायाचं न्हाई," ती म्हणाली. "आन् त्यो आला हुता गं. फरशीपतुर आला हुता."